बालवाडीतला चित्रांचा दिनक्रम-तक्ता: एका कामातून दुसऱ्या कामात जाताना

साडेनऊ ते साडेबारा चालणाऱ्या बालवाडीत साधारण आठ-नऊ कामं होतात: गोल, मोकळा खेळ, गाणी, अंगण, खाऊ, चित्रकाम, गोष्ट, निरोप. प्रत्येक काम मुलं बऱ्यापैकी आनंदाने करतात. रडारड होते ती दोन कामांच्या मधे. ठोकळे ठेवून उठायचं असतं, घसरगुंडी सोडून आत यायचं असतं, चपला काढायच्या असतात, नळापाशी थांबायचं असतं. एकच ताई वीस-बावीस मुलांना एकाच वेळी 'चला, आवरा, हात धुवा, डबे काढा, बसा' असं सांगते आणि त्यातली निम्मी मुलं जिथल्या तिथे उभी राहतात.

ती हट्टी असतात म्हणून असं होतं, असं नाही. बोललेलं वाक्य हवेत विरतं. साडेतीन वर्षांच्या मुलाला चार सूचनांपैकी पहिली किंवा शेवटचीच लक्षात राहते, आणि हातातला ठोकळा तर समोरच दिसत असतो. शिवाय घड्याळातली 'पाच मिनिटं' या वयात काहीच सांगत नाहीत. 'याच्यानंतर ते' हा क्रम मात्र मुलांना चांगला कळतो. चित्रांचा तक्ता नेमका याच समजेचा उपयोग करतो. क्रम भिंतीवर लावलेला असतो, तो विरत नाही, आणि मूल हवं तेव्हा पुन्हा बघू शकतं.

ही पद्धत नावारूपाला आली ती ऑटिझम असलेल्या मुलांच्या शिक्षणातून. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेला टीच हा कार्यक्रम 1972 मध्ये राज्यभर लागू झाला. डोळ्यांना दिसणारा दिनक्रम हा त्याच्या मुख्य आधारांपैकी एक. पुढे ही युक्ती सर्वसाधारण बालवाड्यांमध्ये आली, कारण क्रम डोळ्यांसमोर असण्याची गरज तीन-चार वर्षांच्या कोणत्याही मुलाला असतेच.

कार्डं कशी असावीत

पहिला प्रश्न चित्राच्या प्रकाराचा. सर्वांत सोपी खूण म्हणजे खरी वस्तू, त्यानंतर फोटो, मग रेघांचं चित्र, आणि शेवटी शब्द. तीन ते पाच वर्षांच्या बहुतेक मुलांना फोटो किंवा स्वच्छ रेखाचित्र पुरतं. अडीच वर्षांचं मूल, कमी दिसणारं मूल, किंवा चित्र आणि वस्तू यांचा संबंध अजून न लागलेलं मूल असेल तर त्याच्यासाठी वस्तूंचाच क्रम लावायचा: हात धुण्यासाठी छोटा रुमाल, खाऊसाठी वाटी, अंगणासाठी चेंडू. या वस्तू ओळीने ठेवलेल्या चार डब्यांत असतात आणि मूल ती वस्तू हातात घेऊनच पुढच्या जागी जातं.

फोटो वापरणार असाल तर तुमच्याच वर्गातले काढा. इंटरनेटवरून उतरवलेल्या चित्रात चकचकीत बेसिन आणि उंच नळ असतो. मूल मात्र मोरीत बादली आणि मगाने हात धुतं. मोठ्या माणसाला दोन्ही चित्रं 'हात धुणे'च वाटतात, मुलाला नाही. फोटो काढताना खाली बसून, मुलाच्या उंचीवरून काढा. मागचा पसारा दिसू देऊ नका. आणि कुणा एका मुलाचा चेहरा मधोमध येऊ देऊ नका, नाहीतर बाकीची मुलं ते कार्ड 'तिचं' समजतात आणि ती मुलगी गैरहजर असली की 'आज ती नाही, मग हे कसं करायचं?' असा गोंधळ होतो. हात, नळ आणि साबण एवढं दिसलं की पुरे.

मापाचं म्हणाल तर पूर्ण वर्गासाठी 10 ते 12 सेंटिमीटर बाजूचं चौकोनी कार्ड सतरंजीवर बसलेल्या मुलांना दिसतं. एका मुलाच्या स्वतःच्या पट्टीसाठी 5 ते 6 सेंटिमीटर ठीक. खाली ठळक अक्षरांत दोन शब्द लिहा, 'हात धुणे', 'गोष्ट'. ते लिखाण मुख्यतः मोठ्यांसाठी असतं, म्हणजे ताई, मदतनीस आणि बदलीवर आलेली व्यक्ती एका कार्डाला एकच नाव वापरतील. घड्याळाची वेळ कार्डावर लिहू नका. गाणी दहा मिनिटं लांबली की लिहिलेली वेळ खोटी ठरते. क्रम खोटा ठरत नाही.

जाड कार्डशीटवर चिकटवून लॅमिनेशन केलं की कार्डं वर्षभर टिकतात, पण खिडकीसमोरच्या भिंतीवर लॅमिनेशन चमकतं आणि खाली बसलेल्या मुलाला चित्राऐवजी उजेडच दिसतो. तक्ता लावल्यावर एकदा स्वतः सतरंजीवर बसून बघा. चिकटवण्यासाठी वेल्क्रो सोयीचा. सगळ्या कार्डांमागे एकच बाजू, समजा खरखरीत, आणि पट्टीवर सगळीकडे मऊ बाजू लावा, म्हणजे कोणतंही कार्ड कुठेही बसतं. वेल्क्रो नको असेल तर दोरी आणि कपड्यांचे चिमटे उत्तम काम करतात. कापडी खिशांचा तक्ताही चालतो, फक्त खिसा चित्राचा खालचा भाग झाकत नाही ना ते पाहा.

उंची हा सर्वांत जास्त चुकणारा भाग. तक्ते फळ्याच्या वर लावलेले दिसतात, कारण तिथे जागा रिकामी असते. चार वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण 90 सेंटिमीटरवर असतात आणि मूल खाली बसलं की त्याहून बरेच खाली येतात. तेव्हा कार्डांची रांग जमिनीपासून 70 ते 90 सेंटिमीटरच्या पट्ट्यात हवी. मुलाचा हात पोचला पाहिजे, कारण कार्ड हलवणारं मूलच असतं.

एक सांधा उलगडून: अंगणातून खाऊपर्यंत

बहुतेक तक्त्यांवर 'अंगण' आणि 'खाऊ' ही कार्डं शेजारी-शेजारी असतात. मधलं काहीच नसतं. आता 22 मुलं, एक ताई, एक मदतनीस आणि एक नळ अशी बालवाडी घ्या. खेळ थांबवणं, चेंडू-रिंगा टोपलीत टाकणं, चपला काढणं, हात धुणं, दप्तरातून डबा काढणं, सतरंजीवर बसणं आणि श्लोक, एवढं सगळं त्या दोन चित्रांच्या फटीत दडलेलं आहे. तक्ता नेमका तिथेच गप्प आहे जिथे मुलाला त्याची गरज आहे.

यातलं प्रत्येक पाऊल तक्त्यावर आणायची गरज नाही. तेवढी गर्दी झाली तर मूल बघणंच सोडतं. चार कार्डं पुरतात: सामान टोपलीत, हात धुणे, डबा, खाऊ. चपला काढणं दारातच होतं आणि एकाचं बघून दुसरं करतं, म्हणून त्याला कार्ड नको. ही चार कार्डं मुख्य तक्त्यावर न लावता एका छोट्या वेगळ्या पट्टीवर लावायची आणि ती पट्टी अंगणाच्या दाराच्या चौकटीवर टांगायची. मुख्य तक्ता आत भिंतीवर आहे आणि मुलं बाहेर आहेत; घसरगुंडीवरून भिंत दिसत नाही. ताईंच्या गळ्यात रिबिनीला खाऊचं एक कार्ड असावं, म्हणजे जी मुलं दारापर्यंत यायलाच तयार नसतात त्यांच्यापाशी तक्ताच चालत जाऊ शकतो.

आता नळाचा हिशोब. साबण लावून नीट हात धुवायला एका मुलाला किमान अर्धं मिनिट लागतं. 22 मुलं, एक नळ, म्हणजे 11 मिनिटं. सगळ्यांना एकदम आत बोलावलं तर शेवटचं मूल दहा मिनिटांहून अधिक काळ रांगेत उभं राहणार, आणि रांगेत काय करायचं हे कोणत्याच कार्डावर नाही. ढकलाढकली, केस ओढणं, रडणं हे सगळं तिथे होतं आणि दोष मात्र 'तक्त्याचा काही उपयोग नाही' म्हणून तक्त्याला मिळतो. रांग ही आखणीतली चूक आहे, चित्र लावून ती मिटत नाही.

उपाय असा की सगळ्यांचा खेळ एकदम थांबवायचाच नाही. पाच-सहा मुलांचे चार गट करा: लाल, पिवळा, हिरवा, निळा. दाराच्या पट्टीखाली चार रंगांचे गोल त्या दिवशीच्या क्रमाने लावा. क्रम रोज बदलतो, नाहीतर निळ्या गटाला कायम जास्त खेळायला मिळतं आणि लाल गटाच्या हे लगेच लक्षात येतं. लाल गट सामान टाकून नळाशी जातो तेव्हा बाकीचे तीन गट खेळतच असतात. तीनेक मिनिटांनी लाल गट सतरंजीवर, पिवळा नळावर. एकूण वेळ तेवढाच लागतो, पण रांगेत थांबायला लागतं ते गटातल्या पाच-सहाजणांपुरतं. आधी आलेल्यांसाठी सतरंजीवर चित्रपुस्तकांची टोपली ठेवा, कारण सगळे येईपर्यंत डबा न उघडता बसणं ही पुन्हा एक रिकामी जागा आहे. मदतनीस अंगणात आणि ताई नळाशी अशी विभागणी करायची, पण सतरंजी ताईंना नळापासून दिसेल अशीच अंथरायला हवी. ते शक्य नसेल तर चारऐवजी दोन गट करा, सगळे नजरेत राहणं जास्त महत्त्वाचं.

दर वेळी करायचं ते काय

आधी पूर्वसूचना. 'पाच मिनिटं राहिली' याऐवजी मोजता येईल असं काही सांगा: 'आणखी दोनदा घसरगुंडी, मग टोपली.' वर्गात वाळूचं घड्याळ चालतं, दोन-तीन मिनिटांचं, मुलांना वाळू संपताना दिसेल असं. मग इशारा. एक ठरलेलं गाणं, टाळ्यांचा ठेका किंवा घंटी. रोज तेच, आणि फक्त याच कामासाठी. गोंगाट थांबवायलाही तीच घंटी वाजवली की तिचा अर्थ पुसट होतो.

त्यानंतर तक्ता. तक्त्यावर एक खूण लागते, लाकडी चिमट्याला लाल कागदाचा बाण चिकटवला तरी पुरे. त्या दिवसाचा मदतनीस असलेलं मूल बाण पुढच्या कार्डावर सरकवतं आणि मोठ्याने सांगतं, 'आता हात धुणे.' ताई फक्त एवढंच विचारते, 'तक्ता बघू या. आता काय?' आणि बोट दाखवून गप्प बसते. इथली शांतता महत्त्वाची. मनात पाचपर्यंत मोजा, काही मुलांसाठी दहापर्यंत. मूल चित्राकडे बघून अर्थ लावत असतानाच मोठी माणसं तीच सूचना दुसऱ्या शब्दांत पुन्हा देतात, आणि मग त्याला अर्थ लावायचं काम पहिल्यापासून सुरू करावं लागतं. तरीही हाललं नाही तर पुन्हा बोलू नका, कार्ड त्याच्या हातात द्या आणि सोबत चालत जा. नळापाशी तेच चित्र चिकटवलेलं असेल तर ते कार्ड त्याच्याशेजारी लावणं हे त्याला करायला एक काम मिळतं.

झालेलं कार्ड काढावं की तसंच ठेवावं यावर मतं आहेत. पूर्ण वर्गाच्या तक्त्यावर कार्डं ठेवून बाण सरकवणं मला बरं वाटतं. निरोपाच्या वेळी 'आज आपण काय काय केलं' असं मागे वळून बघता येतं. एका मुलाच्या स्वतःच्या पट्टीवर मात्र कार्ड काढून 'झालं' असं लिहिलेल्या डब्यात टाकावं. ज्याला संपल्याचं पटत नाही त्याला कार्ड डब्यात पडताना दिसलं की ते पटणं सोपं जातं.

सुरुवात एकदम नऊ कार्डांनी करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त दोन: 'आधी' आणि 'मग'. आधी आवरणे, मग अंगण. हे मुलांच्या अंगवळणी पडलं की लांब तक्ता आणा.

तक्ता निकामी होतो तो असा

पहिलं कारण अगदी साधं आहे: बाण कुणी हलवत नाही. दुसऱ्या आठवड्यात बाण दिवसभर 'गोल'वरच असतो, आणि मग मुलांसाठी ते भिंतीवरचं एक सजावटीचं चित्र उरतं. तपासायचं असेल तर अकरा वाजता वर्गात जाऊन बाण कुठे आहे ते पाहा, बाकी काही विचारायची गरज पडत नाही.

दुसरं कारण धमकीचं. 'आवरलं नाहीस तर अंगणाचं कार्ड काढून टाकीन.' एकदा असं झालं की तक्त्यावर दिसतं ते घडतंच हा भरवसा जातो, आणि तक्त्याची सगळी ताकद त्या भरवशातच असते. याच कारणासाठी तक्त्यावर चांदण्या आणि हसरे चेहरे लावू नयेत. दिवस कसा जाणार हे सांगणं आणि कोण शहाणं हे ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

तिसरं, नको तिथे विचारलेला प्रश्न. 'हात धुवायचे का?' याला 'नाही' हे मुलाच्या दृष्टीने अगदी योग्य उत्तर आहे. निवड द्यायची तर कामाच्या आत द्या: लाल मग की निळा, उड्या मारत जायचं की चालत.

आणि मग अचानक बदल. जुलैत धो धो पाऊस पडतोय आणि तक्त्यावर अंगण आहे. गुपचूप कार्ड काढलं तर जे मूल सकाळपासून त्या चित्रावर नजर ठेवून होतं त्याला फसवल्यासारखं वाटतं. यासाठी ठळक पिवळ्या रंगाचं एक 'बदल' कार्ड असतं. ते मुलांसमोर अंगणाच्या कार्डावर तिरकं लावायचं, खालचं चित्र थोडं दिसत राहील असं, आणि शेजारी नवीन कार्ड, समजा 'आतले ठोकळे'. पण हे कार्ड पहिल्यांदा दिसलं आणि अंगणच गेलं, असं झालं तर मुलं त्या पिवळ्या रंगालाच घाबरतात. म्हणून ते आधी चांगल्या बातमीसाठी दोन-चारदा वापरा: आज चित्रकामाऐवजी मातीकाम, आज कुणाच्या वाढदिवसाचा खाऊ.

तक्त्याने भागत नाही तेव्हा

आवडत्या कामातून नावडत्या कामात जाताना जोराचा आकांत करणाऱ्या मुलांबाबत एक संशोधन सांगण्यासारखं आहे. वॉटर्स, लेरमन आणि होव्हानेट्झ यांनी 2009 मध्ये ऑटिझम असलेल्या दोन मुलग्यांवर केलेला हा छोटा अभ्यास. एकटा चित्रांचा तक्ता लावून त्यांचा त्रास कमी झाला नाही. आकांत केल्याने जुनं काम लांबतं हा फायदा बंद केला आणि शांतपणे गेल्यावर आवडीचं काही दिलं, तेव्हा फरक पडला. दोनच मुलांवरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही, पण वर्गात पडताळून बघण्यासारखी गोष्ट यातून मिळते. पुढे काय आहे हे मुलाला माहीत नाही, की माहीत असूनही ते नको आहे? पहिल्या अडचणीवर तक्ता लागू पडतो. दुसरीसाठी रडल्यावर घसरगुंडीच्या जादा फेऱ्या मिळतात का हे बघावं लागतं, आणि मिळत असतील तर त्या थांबवाव्या लागतात. नावडत्या कामानंतर काहीतरी हवंसं येईल असा क्रम लावला तरी बराच ताण उतरतो. 'चित्रकाम, आवरणे, गोष्ट' हा क्रम त्या दृष्टीने चांगला. 'अंगण, आवरणे, मुळाक्षरं' हा क्रम कुणालाही जड जाईल.

घरी मोबाइल किंवा टीव्ही बंद करण्याचा प्रश्न याहून थोडा वेगळा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरांकडून नोंदी घेतल्या. 'आणखी दोन मिनिटं' असं आधी सांगितलेल्या वेळी मुलांचा विरोध जास्त आढळला, तर बंद करणं रोजच्या ठरलेल्या क्रमातच असताना किंवा कार्यक्रमाचा भाग आपोआप संपताना तो कमी होता. म्हणून घरच्या पट्टीवर 'टीव्ही' एवढंच कार्ड लावण्यापेक्षा 'एक भाग' असं ठरवा, पुढचा भाग आपोआप सुरू होणं सेटिंगमधून बंद करा आणि त्यानंतर रोज एकच कार्ड ठेवा, समजा आंघोळ. घरासाठी चार-पाच कार्डं पुरेत. पूर्ण दिवसाचा तक्ता घरात कुणी चालवत नाही. सकाळची एक पट्टी आणि झोपेआधीची एक पट्टी चालते.

फरक पडतोय का, हे कसं कळणार

तक्ता लावण्याआधी पाच दिवस एकच त्रासदायक सांधा निवडा आणि दोन गोष्टी लिहा: इशारा दिल्यापासून साधारण तीन चतुर्थांश मुलं पुढच्या जागी पोचायला किती मिनिटं लागली, आणि ताईंना किती वेळा तोंडाने सांगावं लागलं. मनगटाला रबरबँड लावून सांगितल्यागणिक एक रबरबँड दुसऱ्या हातात सरकवला तरी मोजणी होते. तक्ता लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पाच दिवस तेच लिहा. पहिल्या आठवड्याचे आकडे धरू नका. तेव्हा नवलाईमुळे सगळेच तक्त्यापाशी गर्दी करतात. तोंडी सूचना कमी झाल्या पण वेळ तेवढाच लागतोय, असं दिसलं तर बहुधा रांग, जागा किंवा सामानाची अडचण आहे. वेळ कमी झाला पण सूचना तितक्याच, तर बाणापेक्षा आवाजच अजून काम करतोय. मनात पाचपर्यंत मोजण्याची ती शांतता पुन्हा पाळून बघा.

दोन-तीन महिन्यांत बहुतेक मुलं तक्त्याकडे नुसती नजर टाकून पुढे जातात. दाराची छोटी पट्टी तेव्हा काढता येते, मुख्य तक्ता राहू द्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर, नवीन मूल आल्यावर किंवा ताई बदलल्या की पुन्हा महिनाभर पट्टी लागते. आणि वर्गात एक-दोन मुलं अशी असतात ज्यांना स्वतःची पट्टी वर्षभर लागते. त्यांची पट्टी बाकीच्यांसोबत काढू नका, पहिलीच्या वर्गात जाताना ती त्यांच्या दप्तरातून पुढच्या शिक्षकांकडे पाठवा.